कमळ, अकँथस आणि वेलपट्टी: जुन्या फर्निचरचा आणि धातुकामाचा काळ ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधील वाडे उतरवले जात असताना त्यांतील कपाटे, टेबले, देव्हारे, समया आणि झोपाळ्याच्या कड्या बाहेर येतात आणि त्यांच्याबद्दल पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: हे किती जुने आहे? घरात त्याचे उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे ‘पेशवेकालीन’. नक्षीकडे पाहून या उत्तराची कितपत पारख करता येते, एवढाच या पानाचा विषय आहे.

नक्षीवरून वस्तूचे वय खरोखर सांगता येते का?

वय सांगता येत नाही, परंतु वयाची एक मर्यादा सांगता येते. एखादी नक्षी आपल्या भागात अमुक काळाआधी पोहोचलेलीच नव्हती, असे ठाऊक असेल, तर ती नक्षी अंगावर असलेली वस्तू त्या काळाआधीची असू शकत नाही. ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा मात्र नक्षी देत नाही, कारण एकदा हाताला बसलेली नक्षी कारागीर पुढे तीन-तीन पिढ्या कोरत राहतात आणि गिऱ्हाईकही तीच मागत राहते. लंडनमध्ये जुनी झालेली फॅशन मुंबईत जोरात असे आणि मुंबईत मागे पडलेली नाशिकच्या सुताराकडे निवांत चालू राही. म्हणून युरोपीय शैलींच्या तक्त्यातील सनावळी आपल्याकडच्या वस्तूला जशीच्या तशी लावू नये. तक्त्यातील आरंभीचे वर्ष उपयोगाचे असते, अखेरचे नसते.

वरची मर्यादा शोधायची असेल तर नक्षी सोडून जोडकाम, स्क्रू, खिळे, ओतकामाच्या खुणा आणि भांड्यांवर घातलेली नावे यांच्याकडे वळावे लागते. पुढील उत्तरांत या दोन्ही बाजू एकत्र येतात.

कमळ कोरलेले असले म्हणजे वस्तू जुनी आणि भारतीय घडणीची, असे समजावे का?

असे समजू नये. तिन्ही नक्ष्यांमध्ये कमळ हा सर्वांत कमजोर साक्षीदार आहे, कारण आपल्याकडे ते कधी थांबलेच नाही. यादवकालीन मंदिरांच्या छतांवर ते आहे, वाड्यांतील सुरूच्या आकाराच्या लाकडी खांबांच्या तळाशी ते आहे, देवाच्या मूर्तीखालच्या पीठावर ते आहे आणि गेल्या महिन्यात ओतलेल्या समईच्या बैठकीवरही ते आहे. ज्या नक्षीला आरंभही सापडत नाही आणि शेवटही नाही, ती काळ सांगू शकत नाही.

तरीही ‘कमळ आहे का’ याऐवजी ‘कोणते कमळ आहे’ असे विचारले, तर काही हाती लागते. देशी परंपरेतील कमळदळ रुंद असते, त्याचे टोक किंचित बाहेर वळलेले असते आणि कडेने आतून दुसरी समांतर रेघ बहुतेक वेळा असते. पाकळ्यांच्या दोन रांगा असतील तर एक वर उमललेली आणि दुसरी खाली झुकलेली असते, मध्ये एक अरुंद गळा असतो. खांबाची उथळी, मूर्तीचे पीठ आणि समईची बैठक या तिन्हींना हीच मांडणी लागू पडते.

दुसरे कमळ इजिप्तहून युरोपमार्गे आलेले आहे. नेपोलियनची इजिप्तवरील मोहीम १७९८ ते १८०१ या काळात झाली, तिच्यासोबत गेलेल्या डेनों यांचे सचित्र प्रवासवर्णन १८०२ मध्ये निघाले आणि १८०७ मध्ये टॉमस होप यांनी आपल्या घरातील फर्निचरचे आराखडे लंडनमध्ये छापले. त्यानंतर इंग्रजी फर्निचरवर इजिप्शियन कमळ स्थिरावले. त्याच्या पाकळ्या अरुंद, टोकदार आणि उभ्या असतात. त्या खांबाला किंवा पायाला खालून कवटाळून धरतात आणि एकूण आकार उमललेल्या फुलाचा न होता मिटलेल्या कळीचा किंवा घंटेचा होतो. भारतात कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी घडवलेल्या साग-शिसवी सामानावर हे कमळ साधारणपणे १८२० नंतर सर्रास दिसू लागते. एखाद्या पलंगाच्या खांबावर असे उभे, अरुंद दळ दिसले, तर तो पलंग १८१८ मध्ये संपलेल्या पेशवाईतील असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

तिसरे कमळ बरेच उशिराचे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुढे अनेक वर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि त्यांचे मोठे पुस्तक १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले. अजिंठ्याच्या छतांवरील देठासकट, पानांसकट, कळ्यांसकट लवलवणारे कमळ त्यानंतर सजावटीत आले. कपाटाच्या दारावर किंवा आरशाच्या चौकटीवर पूर्ण कमळवेल, तिच्यात हंस आणि पाण्याच्या लाटा दिसल्या, तर विसावे शतक डोळ्यांपुढे ठेवून तपास सुरू करावा.

अकँथस म्हणजे नेमके कोणते पान आणि ते कसे ओळखावे?

अकँथस ही भूमध्य समुद्राच्या परिसरातील काटेरी, खोलवर कातरलेल्या मोठ्या पानांची वनस्पती आहे. आपल्याकडील अडुळसा आणि कोरांटी तिच्याच कुळातील आहेत, पण त्यांच्या पानांवरून तिच्या पानाची कल्पना येणार नाही. ग्रीकांनी इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात हे पान कोरिंथियन खांबाच्या शिरावर बसवले आणि तेव्हापासून युरोपातील सजावटीत ते सतत फिरते आहे. गांधार शिल्पांत इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ते भारतीय उपखंडातही येऊन गेले होते, परंतु त्या धाग्याचा महाराष्ट्रातील वाड्यांच्या लाकूडकामाशी संबंध लागत नाही. नाशिकमधील घरातल्या टेबलावर दिसणारे अकँथस इंग्रजांसोबत आलेले आहे.

ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. पानाच्या मधोमध उठावाची किंवा खोल पन्हळीची शीर असते आणि उपशिरा तिच्यातून फुटतात. पानाची कड मोठ्या पाळ्यांत विभागलेली असते व प्रत्येक पाळीला पुन्हा बारीक दाते असतात. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची: दोन शेजारच्या पाळ्या जिथे एकमेकींवर चढतात, तिथे थेंबाच्या आकाराचा एक लहान खोलगट डोळा राहतो. मूळ पान वळते, दुमडते आणि एक पाळी दुसरीखाली शिरते, म्हणून तो डोळा तयार होतो. ज्याने चांगला नमुना समोर ठेवून काम केले, त्या कारागिराच्या पानात हा डोळा एका बाजूला निमुळता होत जातो. ज्याने नकलेची नक्कल केली, त्याच्या पानात तिथे गिरमिटाने पाडलेले साधे गोल भोक असते, किंवा काहीच नसते. अशा दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या कामात पाळ्यांचे दातेही हळूहळू नाहीसे होतात आणि पान आंब्याच्या किंवा केळीच्या पानाकडे झुकते.

यावरून ‘डोळा चांगला म्हणजे काम जुने’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. मुंबईच्या उत्तम कारखान्यात १८९० मध्ये कोरलेले पान आणि जिल्ह्याच्या गावी १८६० मध्ये कोरलेले पान शेजारी ठेवले, तर जुने पानच अधिक बोबडे निघण्याची शक्यता असते. डोळ्यावरून नमुन्यापासूनचे अंतर कळते, वर्ष कळत नाही.

आपल्या वेलपट्टीत आणि युरोपीय वळशांत फरक कसा करावा?

देशी वेलपट्टीत वेल स्वतः नायिका असते. ती एका लयीत वर-खाली जाते, तिच्या प्रत्येक वळणात एक फूल किंवा पान बसवलेले असते आणि ते काढून टाकले तरी वेल तुटत नाही. अकँथसच्या वेलीत पान हीच रचना असते. प्रत्येक फांदी एका पानाच्या म्यानातून बाहेर पडते, ते पान देठाला वेढते आणि फांदी पुढे वेटोळे घालून थांबते. म्यान शोधा म्हणजे फरक लगेच लक्षात येतो. गणेशपट्टीवरील किंवा देव्हाऱ्याच्या महिरपीवरील जुन्या वेलीला म्यान नसते.

यांखेरीज वनस्पतीशी संबंध नसलेले नुसते वळसेही असतात, इंग्रजी सी आणि एस या अक्षरांच्या आकाराचे. युरोपात १७३० ते १७६० च्या दरम्यान रोकोको शैलीत ते मुद्दाम असमान, डावे-उजवे न जुळणारे काढले जात. टॉमस चिपेंडेल यांचे आराखड्यांचे प्रसिद्ध पुस्तक १७५४ चे आहे आणि त्यात असे वळसे भरपूर आहेत. ते पाहून एखाद्या खुर्चीला अठराव्या शतकात नेण्याची घाई विक्रेते नेहमी करतात. परंतु १८३० नंतर याच वळशांचे पुनरुज्जीवन झाले आणि आपल्याकडे दिसणारे वळसे जवळजवळ सर्व या दुसऱ्या लाटेतील आहेत. दुसऱ्या लाटेत समोरासमोरचे वळसे आरशातल्यासारखे जुळतात, मध्ये एखादे फूल किंवा शिंपला येतो आणि मोकळी जागा सोडायला कारागीर तयार नसतो. १८४० च्या दशकापासून मुंबईत शिसवी लाकडात घडवले जाऊ लागलेले, पारशी आणि इतर धनिक घरांत लोकप्रिय झालेले जाळीदार कोरीव फर्निचर याच पठडीतले आहे. देवळालीची छावणी आणि रेल्वे १८६० च्या आसपास आली आणि त्यानंतर असे सामान नाशिक परिसरात येणे सोपे झाले.

चाबकाच्या फटकाऱ्यासारखी लांब, एका टोकाला झटकन वळणारी रेघ दिसली, तर ती १८९० नंतरची मानावी. कमळाचा पंखा होऊन तो सरळ रेघांत आणि पायऱ्यांत बसला असेल, तर आपण १९३० च्या दशकात किंवा त्यानंतर आहोत.

एखादी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी तपासावी, याचे उदाहरण मिळेल का?

जुन्या नाशकातील एका वाड्यातून निघालेले शिसवी गोल टेबल घेऊ. माथा सुमारे १०७ सेंटिमीटर व्यासाचा, मध्ये एकच जाड खांब, त्याला खाली तीन पाय, पायांची टोके सिंहाच्या पंजासारखी. माथा एका बाजूला कलता करून टेबल भिंतीला लावून ठेवता येते. घरच्यांच्या मते ते पेशवाईतले होते आणि पुरावा म्हणून खांबावरील कमळ दाखवले जात होते.

पहिली पाहणी नक्षीची न करता घाटाची करावी. पेशवाईतील घरात बैठक जमिनीवर असे: लोड, तक्के, पाट, चौरंग. मध्यभागी ठेवण्याचे, भोवती खुर्च्या मांडण्याचे कलते टेबल ही इंग्रजी दिवाणखान्याची वस्तू आहे. एवढ्यानेच पेशवाईचा दावा बराच ढिला पडतो.

खांबावरील कमळ दोन रांगांचे होते, वरची उमललेली आणि खालची झुकलेली, दळे रुंद आणि दुहेरी रेघांची. म्हणजे ते देशी कमळ होते. यावरून काळ काही कळला नाही, पण कोरणारा हात भारतीय होता एवढे मात्र कळले, आणि तेही कमी नाही.

तिन्ही पायांच्या गुडघ्यांवर अकँथस होते. तिन्ही पाने शेजारी-शेजारी ताडून पाहिली, तेव्हा दोहोंना सात-सात पाळ्या होत्या आणि तिसऱ्याला सहा. तिसऱ्या पायाच्या लाकडात गाठ होती आणि कारागिराने ती चुकवण्यासाठी एक पाळी सोडून दिली होती. यंत्राने काढलेल्या किंवा साच्यातल्या नक्षीत अशी तडजोड होत नाही. डोळे निमुळते होते आणि त्यांच्या तळाशी पटाशीच्या गोल तोंडाची खूण बोटाला लागत होती. म्हणजे नमुना जवळचा, काम हाताचे.

माथ्याच्या कडेवर वळशांची पट्टी होती, जोडीजोडीने जुळणारी, मध्ये फूल. ही दुसऱ्या लाटेची खूण आहे. अकँथस आणि ही पट्टी एकत्र धरली तर खालची मर्यादा १८४० च्या आसपास येते.

त्यानंतर टेबल उलटे केले. माथ्याच्या पाठीवर करवतीच्या खुणा सरळ पण थोड्या तिरप्या, अंतर कमी-जास्त असलेल्या होत्या, म्हणजे दोघांनी ओढलेली करवत. युरोपीय मार्गदर्शक पुस्तके यावरून ‘यंत्रपूर्व काळ’ असा निष्कर्ष काढतात. आपल्याकडे लाकूड हाताने कापणे विसाव्या शतकातही बराच काळ चालू होते, म्हणून या खुणेला इथे फारसे वजन नाही. वर्तुळाच्या कमानीसारख्या खुणा असत्या, तर मात्र गिरणीचे लाकूड म्हणून त्या बोलल्या असत्या.

निर्णायक ठरला तो कलत्या माथ्याच्या पितळी खिटीचा स्क्रू. तो हलक्या हाताने काढला, तेव्हा त्याचे टोक अणकुचीदार निघाले. लाकडी कामाचे जुने स्क्रू टोकाला बोथट असत आणि आधी भोक पाडल्याशिवाय ते शिरत नसत. अणकुचीदार स्क्रू यंत्रावर बनवण्याचे अमेरिकी तंत्र १८५४ मध्ये बर्मिंगहॅमला आले आणि तिथून ते स्क्रू जगभर गेले. अर्थात, स्क्रू नंतर बदललेला असू शकतो. म्हणून भोक पाहिले: एकच भोक, जुन्या स्क्रूचे दुसरे भोक बाजूला नाही, आतील लाकडावर आट्यांचा ठसा एकसारखा आणि खिटीखालचे लाकूड भोवतालच्या लाकडापेक्षा फिके, तिच्या बाह्यरेषेला अचूक जुळणारे. खिटी आणि स्क्रू मूळचेच होते. खालची मर्यादा त्यामुळे १८५५ पर्यंत वर सरकली.

वरच्या मर्यादेसाठी असलेला पुरावा इतका कडक नव्हता. प्लायवुड नाही, गोल तारेचे खिळे नाहीत, पाय खांबात लाकडी खुंट्यांनी बसवलेले. माथ्याचा व्यास रेषांच्या दिशेने आणि रेषांना आडवा मोजला, तेव्हा आडव्या दिशेने तो ६ मिलिमीटरने कमी भरला. लाकूड वर्षानुवर्षे सुकताना आडवे आकसते, त्यामुळे अगदी गोल असलेला माथा किंचित लांबट होतो. यावरून टेबल नवे नाही हे पक्के होते, पण किती वर्षे झाली हे मोजता येत नाही. शतकाच्या अखेरीस दाट कोरीव शिसवी सामानाची आवड ओसरली, हे लक्षात घेऊन १८५५ ते १८९० असा पल्ला दिला आणि घडण मुंबईच्या पद्धतीची असल्याचे लिहिले. पायांखालची चाके नंतरची होती. त्यांच्याभोवती जुन्या चाकांची रिकामी भोके स्पष्ट दिसत होती.

पितळी समईवर किंवा कड्यांवर हीच पद्धत लागू पडते का?

लागू पडते, पण साधने बदलतात. धातूला आकसण्याची, वाळण्याची कहाणी नसते आणि नक्षी ओतताना साच्यातून येते, त्यामुळे जुन्या वस्तूचाच साचा काढून आज ओतलेली समई नक्षीत मूळ समईशी जुळते. फरक कडांत राहतो. नकलेवरून घेतलेल्या साच्यात बारीक रेघा बुजतात, दोन पाकळ्यांमधली खाच गोलसर होते आणि एकूण आकार किंचित लहान भरतो, कारण ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो. मूळ वस्तूत ओतल्यानंतर कारागिराने छिन्नीने रेघा पुन्हा उघडलेल्या असतात आणि त्यांच्या कडा बोटाला तीक्ष्ण लागतात, किंवा वर्षानुवर्षांच्या घासण्याने उंच भागावरच्या गुळगुळीत आणि खोलगट भागातल्या शाबूत असतात. सगळीकडे सारखाच बोथटपणा असेल तर शंका घ्यावी.

समई सुटी करून तिच्या जोडांचे आटे पाहावेत. हाताने पाडलेले आटे उथळ आणि कमी-जास्त असतात आणि एका समईचा तुकडा दुसरीत बसत नाही. त्यामुळे कारागीर जोडाच्या दोन्ही बाजूंना जुळणाऱ्या खाचा किंवा ठिपके मारून ठेवत: एकाला एक, दुसऱ्या जोडाला दोन. अशा खाचा दिसणे ही चांगली खूण आहे. एका तुकड्यावर तीन खाचा आणि त्याच्या शेजाऱ्यावर एक असेल, तर दोन समयांची एक समई झालेली आहे.

पत्र्याच्या कामात आतली बाजू पाहावी. ठोकून उठवलेल्या नक्षीत आतून हातोडीचे लहान, असमान खळगे दिसतात. यंत्राच्या ठप्प्याने दाबलेल्या पत्र्यात आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच सफाईदार असते. पितळी पत्र्याचे ठप्पे इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात होते, म्हणून कपाटाच्या मुठीवरील ठप्प्याचे अकँथस पाहून ते ‘अलीकडचे’ असे म्हणणेही चूकच. चांदीचा मुलामा असेल तर पाहावे, कारण विजेने मुलामा देण्याचे एल्किंग्टन यांचे पेटंट १८४० चे आहे आणि तशी वस्तू त्याआधीची असू शकत नाही.

एक सावधगिरी कच्छच्या चांदीबद्दल. भुजच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चहाची भांडी, तबके आणि अत्तरदाण्या दाट पर्णवेलीने भरून टाकल्या. ती वेल दुरून अकँथसच वाटते आणि घाटही इंग्रजी असतो, म्हणून अशा वस्तू इंग्लंडमधल्या म्हणून सांगितल्या जातात.

भांड्यावर घातलेल्या नावाचा काही उपयोग होतो का?

फार होतो, आणि या बाबतीत आपण युरोपीय संग्राहकांपेक्षा सुदैवी आहोत. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीत दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नाव घालण्याची आपली रीत नक्षीतून न मिळणारी वरची मर्यादा आपल्या हाती देते. तांब्याच्या घागरीवर शके १८१२ घातलेले असेल, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन १८९० मिळते. वर्षाचे शेवटचे काही महिने इंग्रजी दिनदर्शिकेत पुढच्या सनात जातात, म्हणून १८९०-९१ असे लिहावे. घागर त्या सालापर्यंत नक्कीच घडलेली होती. ती त्याआधी किती वर्षे घडली, हे मात्र नाव सांगत नाही, कारण जुने भांडे कल्हई करून पुन्हा आहेरात देणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती.

नाव मोडी लिपीत असेल, तर विसाव्या शतकाच्या मध्याआधीचा काळ गृहीत धरणे बहुतेक वेळा बरोबर ठरते, कारण त्यानंतर मोडी शाळांतून आणि व्यवहारातून गेली. अक्षरे कशी उमटवली आहेत तेही पाहावे. जुनी नावे हातोडी-छिन्नीने मारलेल्या सुट्या ठिपक्यांची किंवा आखूड खाचांची असतात आणि पत्रा पातळ असेल तर ते ठिपके आतून जाणवतात. विजेच्या यंत्राने घातलेले नाव सलग, थरथरत्या रेघेचे दिसते. जुन्या भांड्यावर नवे नाव असू शकते, पण नव्या भांड्यावर जुने नाव असेल तर कोणीतरी मुद्दाम घातले आहे. नावाच्या ठिपक्यांत भोवतालच्या पृष्ठभागासारखाच काळेपणा मुरला आहे का, हे भिंगाने तपासावे.

तपासणीआधी वस्तू स्वच्छ करून आणावी का?

कृपया आणू नये. चिंच आणि रांगोळीने पितळ चकचकीत झाले की खोलगट भागातील जुना थर जातो आणि नाव, जोड व दुरुस्ती यांचा पुरावा त्याच्यासोबत जातो. लाकडाला पॉलिश पेपर मारला की पटाशीच्या खुणा आणि पाळ्यांच्या कडा संपतात, नंतर अकँथसच्या डोळ्यांत नवे पॉलिश साचते आणि जुने काम नव्यासारखे दिसू लागते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकणे पुरेसे आहे.

जुन्या लाकडातून बनवलेली नवी वस्तू कशी ओळखावी?

उतरवलेल्या वाड्यांचे साग लाकूड घेऊन नवे ‘जुने’ फर्निचर करण्याचा मोठा धंदा आहे, आणि जोधपूरसारख्या ठिकाणी तो उघडपणे चालतो. त्यात फसवणूक असतेच असे नाही. लाकूड खरेच जुने असल्यामुळे लाकडाचा रंग, किडीची भोके आणि वास यांवरून काही कळत नाही. इथे नक्षी पुन्हा उपयोगी पडते. किडीने पोखरलेला बोगदा नक्षीने आडवा कापलेला दिसला, म्हणजे भोकाऐवजी लांब उघडी पन्हळ दिसली, तर कीड आधी लागली आणि कोरीव काम नंतर झाले. कीड पृष्ठभागावर गोल भोक पाडून बाहेर येते, ती पृष्ठभागाला समांतर उघडी वाट ठेवत नाही.

दुसरी खूण मांडणीतली आहे. खिडकीच्या चौकटीवरची वेलपट्टी आरशाच्या चौकटीला वापरली असेल, तर कोपऱ्यात ती मध्येच तुटते. मूळ कारागीर कोपऱ्यासाठी स्वतंत्र फूल किंवा वळण योजतो आणि मोजमाप त्याप्रमाणे बसवतो.

वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी ठरली तर कायद्याने काही बंधने येतात का?

येतात. पुरावस्तू आणि कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार किमान १०० वर्षे जुनी कलाकृती किंवा कारागिरीची वस्तू, आणि इमारतीतून सुटा केलेला तेवढाच जुना भागही, पुरावस्तूच्या व्याख्येत येतो. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो. वाड्याचा कोरीव खांब किंवा गणेशपट्टी परदेशातील नातेवाइकांकडे पाठवण्याचा विचार असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळते का, हे आधी पाहावे. वर दिलेल्या टेबलासारखी वस्तू, पल्ल्याचे कोणतेही टोक धरले तरी, या मर्यादेच्या पलीकडे जाते, म्हणून तिला असे प्रमाणपत्र मिळणार नाही.

छायाचित्रांवरून मत घ्यायचे असेल तर कोणती छायाचित्रे काढावीत?

समोरून काढलेले सुंदर छायाचित्र सर्वांत कमी उपयोगाचे असते. वस्तूची पाठ, तळ, खणाची आतली बाजू आणि एखादा काढलेला स्क्रू हवा. नक्षीचे छायाचित्र बाजूने टेकवलेल्या एकाच दिव्याच्या उजेडात घ्यावे, म्हणजे खोली सावलीत दिसते. समोरून फ्लॅश मारला तर पाकळी आणि पार्श्वभूमी एक होतात. एकाच नक्षीच्या दोन किंवा तीन आवृत्त्या असतील, जसे चारही पायांवरची पाने, तर ती सर्व स्वतंत्रपणे आणि त्याच अंतरावरून काढावीत. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी. समईच्या बाबतीत ती सुटी करून प्रत्येक जोडाचे आटे आणि खाचा दाखवाव्यात, आणि आटे जाम झाले असतील तर पकडीने जोर न लावता समई तशीच अखंड पाठवावी.